सकाळ जेपेगवर, संध्याकाळ रॉवर: एका दिवसाच्या शूटचा हिशोब

एकाच दिवसात दोन अगदी वेगळी कामं असतील तर रॉ आणि जेपेगमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. सकाळी मोकळ्या मैदानावर धावण्याच्या स्पर्धा, संध्याकाळी बंद सभागृहात भाषणं आणि बक्षीस समारंभ. कॅमेरा तोच, २४ मेगापिक्सेलचा. अशा दिवशी आम्ही सकाळ जेपेगवर काढतो आणि संध्याकाळ रॉवर. 'नेहमी रॉच काढा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण रॉचा फायदा कुठे मिळतो आणि कुठे नुसतीच जागा जाते, हे त्या सल्ल्यात सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्या कामाच्या क्रमानेच, सेटिंगपासून हार्ड डिस्कपर्यंत, हे मांडतो आहोत.

आधी फाइलमध्ये काय असतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण ६००० बाय ४००० प्रकाशबिंदू असतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असतो. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक बिंदूने किती प्रकाश पकडला याचा आकडा, १४ बिटमध्ये ० ते १६,३८३ यांच्या दरम्यान, रॉ फाइलमध्ये लिहिला जातो. त्या आकड्यांचं अजून चित्र झालेलं नसतं. जेपेगमध्ये कॅमेरा हे काम स्वतः उरकतो. शेजारच्या बिंदूंवरून प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग काढतो, व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्ट देतो, नॉइज पुसतो, धार वाढवतो, आणि मग प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवून, चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबून साठवतो. मूळ आकडे तिथेच फेकले जातात.

म्हणजे खरा प्रश्न असा की कॅमेऱ्याने त्या क्षणी घेतलेले निर्णय तुम्हाला कायमचे चालणार आहेत का. सकाळच्या मैदानावर चालतात. संध्याकाळच्या सभागृहात चालत नाहीत.

मैदानापासून सुरू करू. ऊन एकसारखं असतं, आकाश निरभ्र असेल तर दोन-तीन तास प्रकाशात फारसा फरक पडत नाही. शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ४०० च्या आसपास, आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात सेकंदाला १० फोटो. इथे रॉची पहिली अडचण येते ती कार्डापाशी.

आकड्यांनीच पाहू. या कॅमेऱ्याची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ साधारण २८ एमबीची होते, मोठ्या आकाराची उत्तम दर्जाची जेपेग साधारण ९ एमबीची. कार्ड सलग लिहिताना प्रत्यक्षात सेकंदाला ८० एमबी घेतं असं धरा; वेष्टनावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही, तेव्हा वी३०, वी६० ही खूण पाहावी, ती सलग लिहिण्याचा किमान वेग सांगते. रॉवर सेकंदाला १० फोटो म्हणजे २८० एमबी आत येतात आणि ८० एमबी बाहेर पडतात. बफरमध्ये, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात त्या कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठ्यात, ४० रॉ मावत असतील तर साडेपाच सेकंदांत, साधारण ५६ फोटोंनंतर, तो भरतो. त्यापुढे कॅमेरा सेकंदाला जेमतेम तीन फोटोंवर येतो. शंभर मीटरची शर्यत बारा-तेरा सेकंदांची. सुरुवातीपासून बटण दाबून ठेवलं तर फीत तुटण्याच्या क्षणी कॅमेरा अडखळत असतो, आणि पूर्ण रिकामा व्हायला त्याला आणखी १४ सेकंद लागतात. तेवढ्यात विजेत्याचा आनंद निघून गेलेला असतो. तेच जेपेगवर आत येतात ९० एमबी, बाहेर जातात ८०. बफर भरायला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे या कामापुरता तो भरतच नाही.

महागडी वेगवान कार्डं आणि मोठा बफर असलेला कॅमेरा असेल तर ही अडचण कमी होते, हे खरं. पण दुसरी अडचण राहतेच: स्पर्धेचे फोटो त्याच दुपारी हवे असतात. शर्यत संपल्यावर तासाभरात पन्नास फोटो पाठवायचे असतील तर कॅमेऱ्यातून तयार निघालेली फाइलच कामाची.

मात्र जेपेगवर काढायचं ठरवलं की काळजी आधी घ्यावी लागते. रॉवर ती नंतरही घेता येते. आम्ही चार गोष्टी पक्क्या करतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवत नाही, ५३०० केल्विनच्या आसपास बांधून टाकतो. ऑटोवर हिरव्या मैदानाची फ्रेम एका रंगात येते, लाल बनियनवाला धावपटू मध्ये आला की दुसऱ्या, आणि नंतर एकेक फोटो जुळवत बसावं लागतं. बांधलेला बॅलन्स थोडा चुकला तरी सगळे फोटो सारखेच चुकलेले असतात, त्यामुळे एकदाच केलेली दुरुस्ती सगळ्यांवर एका झटक्यात लावता येते. एक्स्पोजर आम्ही पांढऱ्या कपड्यांवरून ठरवतो: हायलाइटची चमकती सूचना चालू ठेवायची, पांढऱ्या बनियनवर ती दिसली की एक तृतीयांश स्टॉप खाली यायचं. पिक्चर स्टाइलमध्ये कॉन्ट्रास्ट एक पायरी कमी आणि शार्पनिंग मध्यम. कॅमेऱ्याने लावलेली जादा धार पुसता येत नाही, कमी असलेली वाढवता येते. आणि दर्जा सर्वात वरचा, आकार मोठा. मैदानावर जागा वाचवण्यासाठी दर्जा उतरवणं आम्हाला पटत नाही. वाचणारी जागा थोडी आणि जाणारा बारकावा कायमचा.

एवढं केल्यावर जेपेगला किती ताण सोसतो? आमच्या अनुभवात एक्स्पोजर वर-खाली अर्धा स्टॉप आणि व्हाइट बॅलन्स तीन-चारशे केल्विन इथपर्यंत बघणाऱ्याला काही कळत नाही. सावलीतला चेहरा दीड-दोन स्टॉप उचलला की मात्र बिंग फुटतं. फोटो २०० टक्क्यांवर मोठा करून केसांखालचा गडद भाग बघा: त्वचेचा पोत जाऊन तिथे छोट्या चौकोनी फरशा दिसू लागतात. ते ते ८ बाय ८ चे चौकोन. निळं आकाश गडद करायला गेलात तर सलग उतरणाऱ्या छटेऐवजी पट्टे पडतात, कारण ओढून ताणायला मधल्या पायऱ्याच उरलेल्या नसतात. ही दोन लक्षणं ओळखता आली की जेपेग कुठे थांबवायची ते कळतं.

दुपारनंतर ढग येऊन-जाऊन करू लागले किंवा निम्मं मैदान झाडांच्या सावलीत गेलं, तर आम्ही तिथेच रॉवर जातो. सकाळ म्हणून जेपेग असा काही नियम नाही. प्रकाश स्थिर आहे म्हणून जेपेग.

आता सभागृह. व्यासपीठावर डावीकडून पिवळा स्पॉट, मागे निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या, समोर प्रेक्षकांवर पांढरट ट्यूबलाइट. वक्ता दोन पावलं सरकला की चेहऱ्याचा रंग बदलतो. आयएसओ ३२००, शटर १/२००, अॅपर्चर एफ २.८. कॅमेऱ्याने इथे लावलेला कुठलाही एक व्हाइट बॅलन्स फ्रेमच्या एका भागात तरी चुकणारच. म्हणून रॉ.

एकच फ्रेम जवळून पाहू. वक्त्याने पांढरा शर्ट घातला आहे, पिवळा स्पॉट त्याच्या डाव्या खांद्यावर पडतो आहे. त्या जागी सेन्सरने नोंदवलेले आकडे साधारण असे धरा: लाल ११,२००, हिरवा १५,०००, निळा ६,५००. कमाल आहे १६,३८३, म्हणजे तिन्ही रंग मर्यादेत आहेत, काहीही उडालेलं नाही. आता व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्या आकड्याला एकेका गुणकाने गुणणं, बाकी काही नाही. ऑटोने प्रकाश खरा आहे त्यापेक्षा कमी पिवळा धरला आणि लालला १.८, निळ्याला १.९ लावलं. लाल झाला २०,१६०, म्हणजे कमालीच्या बाहेर. तो १६,३८३ वर कापला गेला. निळा झाला १२,३५०. जेपेगमध्ये शर्टाचा खांदा पिवळट आला आणि लालमधला सगळा उतार सपाट झाला, शिवणीची रेघ आणि चुण्या गायब. ही जेपेग नंतर थंड केली तर कापला गेलेला लाल आणखी खाली येतो, पण चुण्या परत येत नाहीत. उलट त्या जागी निळसर-हिरवट डाग दिसतो, कारण खरा लाल किती होता हे फाइलला आता माहीतच नाही.

रॉमध्ये तेच मूळ आकडे जसेच्या तसे आहेत. सॉफ्टवेअरमध्ये तापमान ३१०० केल्विनच्या आसपास आणलं की लालचा गुणक होतो १.३५ आणि निळ्याचा २.३. लाल १५,१२०, हिरवा १५,०००, निळा १४,९५०. तिन्ही जवळपास सारखे, म्हणजे शर्ट पांढरा, आणि कापाकापी झालेली नसल्याने चुण्या शाबूत. गुणक कॅमेऱ्यागणिक वेगळे असतात, पण घडतं ते हेच. याच हिशोबातून आणखी एक गोष्ट समजते: निळा आकडा २.३ ने गुणला की त्यातला नॉइजही २.३ ने गुणला जातो. पिवळ्या प्रकाशातल्या फोटोत निळ्या आणि सावलीच्या भागात दाणे जास्त का दिसतात, त्याचं कारण हे.

इथे काही जण म्हणतील, रॉवर काढतोय तर व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यात काहीही असला तरी काय बिघडतं. फाइलचं बिघडत नाही, पण एक्स्पोजरचा अंदाज बिघडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो, हिस्टोग्राम आणि हायलाइटची सूचना हे सगळं बहुतेक कॅमेऱ्यांत रॉवरून काढलेलं नसतं, आतल्या छोट्या जेपेगवरून काढलेलं असतं. वरच्या उदाहरणात ऑटोने लाल कापला, म्हणून शर्टावर सूचना चमकली असती. ती पाहून तुम्ही एक स्टॉप खाली आला असता आणि आयएसओ ३२०० ला विनाकारण नॉइज वाढवून घेतला असता. म्हणून सभागृहात आम्ही रॉवर असूनही बॅलन्स ३२०० केल्विनला बांधतो आणि पिक्चर स्टाइल न्यूट्रल, कमी कॉन्ट्रास्टची ठेवतो. हिस्टोग्राम तरीही तंतोतंत खरा होत नाही, पण बराच जवळ येतो.

उरलेला फरक तुमच्या कॅमेऱ्यात नेमका किती, हे एकदा मोजून ठेवा. सारख्या उजेडात पांढरा कागद टांगा, बॅलन्स बांधा, मॅन्युअलवर या. हायलाइटची सूचना पहिल्यांदा चमकेल तिथून शटर एकेक तृतीयांश स्टॉपने हळू करत सहा-सात रॉ काढा. मग डार्कटेबल या रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून रॉ ओव्हरएक्स्पोजची खूण चालू करा; ती थेट सेन्सरचे आकडे तपासते. चमक सुरू झालेली फ्रेम आणि प्रत्यक्ष रॉ उडालेली फ्रेम यांच्यातलं अंतर ही तुमची हक्काची जागा. ती अर्धा ते एक स्टॉप निघणं नेहमीचं आहे. एकदा कळली की सूचना चमकली तरी किती घाबरायचं ते ठरवता येतं.

१४ बिट की १२ बिट, हाही प्रश्न सभागृहातच येतो. रॉचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात, त्यामुळे सर्वात उजळ एका स्टॉपला १६,३८४ पैकी निम्म्या, ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८. गडद भागाकडे जाताना पायऱ्या भराभर संपतात, म्हणून कमी आयएसओवर सावल्या खूप उचलायच्या असतील तेव्हा १४ बिटचा उपयोग होतो. आयएसओ ३२०० ला नॉइजच त्या बारीक पायऱ्यांपेक्षा मोठा असतो, तेव्हा १२ बिट ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही आणि फाइल लहान होते. सभागृहासाठी जागा वाचवायची असेल तर आम्ही आधी हे करतो. बहुतेक कॅमेऱ्यांत लॉसी कॉम्प्रेस्ड रॉचाही पर्याय असतो. त्यात एकसारख्या कामात तोटा दिसत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरच्या तेजस्वी दिव्यांच्या कडांना काही फाइल्समध्ये खरखर दिसू शकते. आपल्या कॅमेऱ्यावर तपासल्याशिवाय तो कायमचा लावू नये.

रॉ कुठे हात टेकते तेही सांगायला हवं. मागची निळी-जांभळी एलईडी ज्या गालावर पडली आहे, तिथे लाल आणि हिरवा प्रकाश जवळपास आलेलाच नसतो. जो प्रकाश सेन्सरवर पडलाच नाही तो कुठल्याही गुणकाने आणता येत नाही. तापमान कितीही सरकवा, गाल त्वचेच्या रंगाचा होत नाही. तिथे निळ्या-जांभळ्याचं सॅच्युरेशन उतरवणं किंवा फोटो कृष्णधवल करणं एवढंच हाती राहतं. हललेला हात, चुकलेला फोकस, सेन्सरवरच पूर्ण उडालेला दिवा, यांना रॉ-जेपेग सारखेच.

आता संगणकावर. कार्ड रिकामं करताना आधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, मग फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स दोन्हीकडे जुळवून बघणं, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यात. हे दोन्हीला लागू आहे, पण रॉच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं, कारण अर्धवट कॉपी झालेली रॉ यादीत थंबनेल नीट दाखवते आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग राखाडी निघतो. थंबनेल फाइलच्या सुरुवातीकडे असलेल्या छोट्या जेपेगमधून येतं, म्हणून नुसती थंबनेल बघून कॉपी पूर्ण झाली असं मानू नये.

रॉ पहिल्यांदा उघडली की अनेकांचा हिरमोड होतो: कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळाळता दिसलेला फोटो इथे फिकट, सपाट दिसतो. फाइल खराब नाही. पडद्यावर दिसत होती ती कॅमेऱ्याने रंगवलेली जेपेग. सॉफ्टवेअरने आता स्वतःचा कोरा अर्थ लावला आहे. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅमेऱ्यातली स्टाइल वाचून जवळपास तेच रूप दाखवतं. लाइटरूममध्ये प्रोफाइलच्या यादीतून कॅमेरा स्टँडर्डसारखं काही निवडलं की बरंच अंतर भरून निघतं. ते इम्पोर्टच्या वेळीच सगळ्यांना लावून टाकावं.

फिकट नाही तर सगळीच्या सगळी रॉ एकसारखी काळवंडलेली येत असेल, तर कारण वेगळं. कॅमेऱ्यात उजळ भाग वाचवण्याची एखादी आपोआप सोय चालू राहिलेली असते. अशा सोयी मुळात एक्स्पोजर कमी घेतात आणि जेपेग करताना मधले, गडद भाग उचलून देतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ते उचलणं माहीत नसलं की रॉ अंधारी दिसते. जेपेग ठीक आणि रॉ नेमकी अर्धा-एक स्टॉप काळी, हे तिचं ठळक लक्षण. रॉवर जाताना ही सोय बंद करावी.

निवड करताना रॉचा वेळ कुठे जातो ते पाहा. प्रत्येक फ्रेम शंभर टक्क्यांवर दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरला ते दोन कोटी चाळीस लाख आकडे पुन्हा चित्रात रूपांतरित करावे लागतात. एका फोटोला दोन सेकंद धरले तरी ४०० फोटोंना तेरा मिनिटं, १,४०० फोटोंना पाऊण तास, आणि तो तुम्ही पडद्याकडे बघत काढता. यावर उपाय फाइलच्या पोटातच आहे. रॉमध्ये कॅमेऱ्याने आधीच एक जेपेग ठेवलेली असते, अनेक कॅमेऱ्यांत ती पूर्ण आकाराची असते. लाइटरूम क्लासिकमध्ये इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूच्या ठिकाणी `Embedded & Sidecar` निवडलं की निवडीपुरती तीच वापरली जाते. लाइटरूमशिवाय ती बाहेर काढायची असेल तर एक्झिफटूल या आज्ञा लिहून चालवायच्या छोट्या प्रोग्रॅमची ही आज्ञा पुरते. निकॉनच्या फाइलींसाठी अशी:

```
exiftool -b -JpgFromRaw -w _JFR.JPG -ext NEF -r .
```

मूळ रॉला धक्का लागत नाही, शेजारी जेपेग तयार होते. दुसऱ्या कॅमेऱ्यांत आतल्या जेपेगचं नाव आणि आकार वेगळा असू शकतो, तेव्हा एका फाइलवर करून बघावं. 'रॉ काढली, आता लगेच द्यायला काही नाही' ही तक्रार बरेचदा एवढ्यावर मिटते. निव्वळ तेवढ्यासाठी रॉ आणि जेपेग दोन्ही काढायची गरज राहत नाही.

कारण दोन्ही एकत्र काढण्याचा पर्याय दिसतो तितका फुकट नाही. एका क्लिकला २८ अधिक ९, म्हणजे ३७ एमबी जातात, बफर आणखी लवकर भरतो, आणि रॉ एका कार्डावर, जेपेग दुसऱ्यावर अशी वाटणी केली तर मंद कार्ड दोघांनाही मागे खेचतं. संगणकावरही गुंता होतो. लाइटरूम क्लासिक मूळ सेटिंगमध्ये जोडीतली जेपेग वेगळा फोटो म्हणून दाखवत नाही. ती डिस्कवर कॉपी झालेली असते, जागा खाते, पण यादीत दिसत नाही. वेगळी हवी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये `Treat JPEG files next to raw files as separate photos` वर टिक लागते. आणि मधेच फोल्डरमध्ये जाऊन एकाच फाइलचं नाव बदललं की जोडी तुटते. दोन्ही काढण्याला आमच्या मते एकच ठोस कारण आहे: जेपेग तिथल्या तिथे कुणाला तरी द्यायची आहे आणि रॉ तुमच्याकडे राहायची आहे.

फोटो कुणाला द्यायचा, यावरही निर्णय फिरतो. रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवलं होतं की रॉवरून केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यात मुळात जेपेग म्हणून काढलेलेच पाठवा. त्यांना वेग हवा होता आणि फेरफाराला कमी वाव. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत मात्र शेवटच्या फेरीतल्यांकडून पडताळणीसाठी मूळ फाइल मागतात. तिथे रॉ हाताशी असणं हा सरळ पुरावा ठरतो. काम घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

संपादनाचा वेळ या दिवशी असा पडतो. सकाळच्या १,४०० जेपेग, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे निवडीला सत्तर मिनिटं. उरलेल्या २५० वर एकच दुरुस्ती सगळ्यांना, मग प्रत्येकी पंधरा सेकंद कापणं-सरळ करणं, आणखी तासभर. संध्याकाळच्या ४०० रॉमधून ९० उरतात, पण इथे एक दुरुस्ती सगळ्यांना चालत नाही. आम्ही प्रकाशाप्रमाणे गठ्ठे करतो: पोडियमवर उभा वक्ता, बक्षीस घेताना मध्यभाग, प्रेक्षक. प्रत्येक गठ्ठ्यातली एक फ्रेम नीट करून बाकीच्यांना लावायची आणि मग एकेकीवर हात फिरवायचा. सरासरी दोन मिनिटं धरली तर तीन तास. २५० जेपेगना सव्वादोन तास आणि ९० रॉंना तीन तासांहून जास्त. सकाळही रॉवर काढली असती तर मैदानाच्या फोटोंत बघणाऱ्याला फरक न दिसता हा बोजा वाढला असता.

जागेचा हिशोब करताना एक बाब सुटते: आयएसओ वाढला की लॉसलेस रॉ फुगते, कारण नॉइज नीट दाबला जात नाही. सभागृहातली फाइल २८ ऐवजी ३१ एमबी धरा. सकाळचे १,४०० जेपेग १२.६ जीबी, संध्याकाळच्या ४०० रॉ १२.४ जीबी, मिळून २५ जीबी. सगळंच रॉवर काढलं असतं तर ५१.६. प्रती तीन ठेवायच्या, दोन घरात-कार्यालयात आणि एक दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे ७५ विरुद्ध १५५ जीबी, एका दिवसाचे. दुसऱ्या ठिकाणची प्रत इंटरनेटवरून जात असेल तर हा फरक रात्रभर चालणाऱ्या अपलोडचा होतो.

पण डिस्क भरते ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, रॉवरून केलेल्या १६ बिट टिफ. २४ मेगापिक्सेलची टिफ, तीन रंग, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १४४ एमबी; एकीत पाच रॉ मावतात. छपाईला जाणाऱ्या मोजक्या फोटोंखेरीज टिफ ठेवू नये, कारण रॉ आणि शेजारची, संपादनाच्या नोंदींची काही केबीची एक्सएमपी फाइल जपली की ती केव्हाही पुन्हा काढता येते. संपादन फक्त एक्सएमपीत असेल आणि ती हरवली तर मात्र सगळं गेलं, म्हणून फाइल हलवताना दोन्ही सोबत हलवा. दुसरं, नाकारलेल्या रॉ. काम पोचवून महिना झाला, कुणी काही मागितलं नाही, की आम्ही नाकारलेल्या काढून टाकतो. निवडलेल्या २५० जेपेग सव्वादोन जीबी आणि ९० रॉ २.८ जीबी, मिळून पाच. तीन प्रतींत पंधरा. काढण्याआधी एकच गोष्ट तपासतो: निवडलेल्या रॉ दुसऱ्या डिस्कवरून एका वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये खरोखर उघडतात का. नव्या कॅमेऱ्याची रॉ जुन्या आवृत्तीत उघडत नाही तेव्हा अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर कामी येतो. रूपांतर झालं तरी मूळ रॉ लगेच काढू नये, कारण कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर डीएनजी घेईलच असं नाही.